पावसाळ्यात वारा तर किनाऱ्याकडे येतो, मग तळाचं थंड पाणी वर चढतं कसं? (केरळ ते मालवण)

तारकर्ली_कट्टा
नमस्कार मंडळी. मी पुण्यात असतो, मूळ गाव मालवण तालुक्यात. मामेभावाचा ट्रॉलर आहे. बंदी उठल्यावर, गणपतीच्या थोडं आधी, दोन दिवस त्याच्याबरोबर गेलो होतो. साधारण २५ मीटर पाण्यात जाळं ओढलं. वर आलं तेव्हा काही माकूल, मूठभर लेप आणि अर्धमेल्या कुर्ल्या, बस्स. जाळ्याचा खालचा दोर हातात घेतला तर गारठलेला होता, आणि जाळ्याला लागून आलेला चिखल काळा होता, कुजक्या अंड्यांसारखा वास मारत होता. वरचं पाणी मात्र कोमट. त्याच आठवड्यात गावातल्या लहान होड्यांना अगदी किनाऱ्यालगत तारली एवढी मिळाली की टोपल्या कमी पडल्या.

घरी येऊन वाचलं तर कळलं की खोल समुद्रातलं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, त्यावर शेवाळ वाढतं आणि मासळी जमते. पेरूच्या किनाऱ्याचं उदाहरण सगळीकडे दिलेलं असतं. तिथे वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि त्या जागी खालचं येतं. इथवर समजलं. पण आपल्याकडे पावसाळ्यात वारा थोबाडावर येतो, समुद्राकडून जमिनीकडे. त्याने तर पाणी किनाऱ्याला दाबलं जायला हवं, बाहेर कसं जाईल? आणि हे जर मासळी वाढवणारं पाणी आहे तर आमचं जाळं रिकामं का?

शिरीष_डों
सोपं आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर होतं, तळ ढवळला जातो. तुम्ही गेलात ती तिथी बघा. उधाणाच्या भरतीला मासळी किनाऱ्याला लागतेच, आमच्या वसईलाही लागते.

तारकर्ली_कट्टा
शिरीषदादा, भरती-ओहोटीबद्दल नव्हतं विचारलं. भाऊ म्हणतो हा गारठा दोन-अडीच महिने टिकतो, तिथीशी त्याचा संबंध नाही.

निवृत्त_दर्यावर्दी
गोव्यात समुद्रविज्ञानातच नोकरी गेली, म्हणून लिहितो. प्रश्न चांगला आहे, आणि वाऱ्याबद्दलची शंका तर अगदी बरोबर ठिकाणी आहे.

आधी केरळ घेऊ, कारण तिथे हिशेब सरळ लागतो. वारा पाण्याला ज्या दिशेने ढकलतो त्या दिशेने पाणी जात नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे उत्तर गोलार्धात वरच्या थराचं पाणी एकूण धरलं तर वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं. केरळसमोर पावसाळ्यात वारा नेमका नैऋत्येचा राहत नाही, तो वळून पश्चिम-वायव्येकडून येतो. किनारा वायव्येकडून आग्नेयेकडे तिरका आहे. म्हणजे वाऱ्याचा मोठा भाग जरी जमिनीकडे येत असला, तरी एक भाग किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे जातो. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात पश्चिमेला म्हणजे खुल्या समुद्राकडे. पाणी तिकडे जातं.

तो भाग लहान असला तरी चालतं, कारण विषुववृत्ताच्या जवळ तेवढाच वारा जास्त पाणी हलवतो. कोचीच्या अक्षांशावर किनाऱ्याला समांतर सेकंदाला ४ मीटरचा वारा धरला तर किनाऱ्याच्या दर किलोमीटरमागे सेकंदाला सुमारे ९०० घनमीटर पाणी बाहेर जातं. ते खालून भरून निघतं. ५० किलोमीटर रुंद पट्ट्यात भरून निघतं असं मानलं तर पाणी रोज दीड मीटर वर चढतं. ऐकायला काहीच नाही, पण दोन महिन्यांत ९० मीटर झाले. मेमध्ये शंभर मीटर खोल असलेलं पाणी ऑगस्टमध्ये किनाऱ्याच्या उथळ भागात का सापडतं ते यावरून लक्षात येईल.

हा हिशेब ढोबळ आहे. आणि तो मालवणला लागू पडत नाही, त्याबद्दल सवडीने लिहितो. नातू आलाय.

नदीकाठचा_माणूस
एवढं लांब जायची गरज नाही. पावसाळ्यात कर्ली, गड, तेरेखोल, मांडवी, झुवारी सगळ्या नद्या डोंगराची माती, शेतातलं खत, पालापाचोळा घेऊन समुद्रात ओततात. त्यावरच शेवाळ वाढतं आणि तारली येते. पाऊस चांगला तर मासळी चांगली, हे आजोबांपासून ऐकतोय.

सुहास_सलालाह
मी ओमानमध्ये सलालाहला आहे, इथलं सांगतो. इथे एकही बारमाही नदी समुद्राला मिळत नाही. तरी जून ते सप्टेंबर, ज्याला इथे खरीफ म्हणतात, समुद्र बर्फासारखा गार होतो. त्या गार पाण्यावरून आलेल्या दमट हवेचं धुकं होऊन डोंगर हिरवेगार होतात, आखाती देशांतून लोक नुसते धुकं बघायला येतात. त्या महिन्यांत समुद्र इतका खवळलेला असतो की लहान होड्या बंदच असतात. तो निवला की तारलीसारख्या छोट्या मासळीचा हंगाम. किनाऱ्यावर वाळत घातलेली असते, उंटांनाही चारतात. म्हणजे नदी नसली तरी काम होतं.

इथे वारा नैऋत्येकडून ईशान्येकडे, किनाऱ्याला जवळजवळ समांतर. काकांनी सांगितलेला उजवा हात लावून बघितला, बरोबर बाहेर समुद्राकडे जातो.

नदीकाठचा_माणूस
ओमानचं ओमानला. आपल्याकडे पाऊस आहे ना.

निवृत्त_दर्यावर्दी
नदीकाठचे साहेब, नद्या काहीच करत नाहीत असं नाही. ज्या शेवाळांना काचेसारखं कवच असतं त्यांना सिलिका लागते, ती नद्या भरपूर आणतात. पण पावसाळ्यात आपल्या उथळ समुद्रात जे नायट्रेट सापडतं त्यातलं बहुतांश खालच्या पाण्यातून आलेलं असतं. हे ओळखायचं कसं? नदीचं असतं तर ते गोड्या पाण्यात, म्हणजे वरच्या थरात जास्त सापडलं असतं. प्रत्यक्षात बाटल्या सोडून पाणी काढलं की उलट दिसतं. नायट्रेट खालच्या गार आणि खाऱ्या पाण्यात जास्त, वर जवळपास नाहीच.

नद्यांचं आणि पावसाचं खरं मोठं काम वेगळंच आहे. कोकण-गोव्यात इतका पाऊस पडतो की समुद्रावर ५ ते १० मीटर जाडीचा गोडसर, कोमट पाण्याचा थर बसतो. तो हलका असल्यामुळे खालच्या गार पाण्यावर झाकणासारखा राहतो. म्हणून तारकर्ली_कट्टा यांना वरचं पाणी कोमट लागलं आणि दोर गार. सलालाहला झाकण नाही, तिथे गारवा थेट पृष्ठभागावर येतो, उपग्रहातून लख्ख दिसतो. आपल्याकडे उपग्रहाला वरचं कोमट पाणीच दिसतं, तेही ढग नसले तर. हैदराबादच्या इन्कॉइसकडून मासळी कुठे मिळेल याची जी सूचना येते ती मुख्यतः पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य बघून काढलेली असते. पावसाळ्याच्या दिवसांत कोकणासाठी तिची धाव का कमी पडते, ते यावरून समजा.

आता गोवा-मालवणचा वारा. इथे तो किनाऱ्यावर जवळजवळ काटकोनात येतो. समांतर भाग इतका कमी की त्यावर एवढं पाणी वर चढणं अवघड. तरी ते चढतं. सतीश शेट्ये आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या पावसाळ्यात सबंध पश्चिम किनाऱ्यावर मोजमापं घेतली, ती १९९० मध्ये छापून आली. त्यात दिसलं की वरचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, आणि त्याच्या पोटाखालून दुसरा प्रवाह उत्तरेकडे जातो. हे गार पाणी त्या खालच्या प्रवाहातलं.

त्याला वर उचलण्यात स्थानिक वाऱ्याइतकाच, काही ठिकाणी त्याहून जास्त, दूरच्या वाऱ्याचा हात असतो. बंगालच्या उपसागरात आणि श्रीलंकेच्या आसपास वाऱ्यामुळे जो बदल होतो तो किनाऱ्याला चिकटून लाटेच्या रूपाने प्रवास करतो. ही लाट डोळ्यांना दिसत नाही. ती वरच्या कोमट आणि खालच्या गार पाण्याच्या सीमेवर चालते, सेकंदाला दोन-तीन मीटर, म्हणजे श्रीलंकेहून गोव्याला आठवडाभरात. जाताना ती सीमा वर उचलत जाते. म्हणूनच केरळच्या दक्षिण टोकाशी खोल पाणी पावसाच्या आधी, मार्च-एप्रिलपासूनच चढायला लागतं, तेव्हा पावसाळी वाऱ्याचा पत्ताही नसतो.

शिरीष_डों
लाट म्हणजे पाणी वर-खाली होणारच ना? मग भरती मोजतात त्या यंत्रावर दिसायला हवी. दिसते का?

निवृत्त_दर्यावर्दी
शिरीषराव, दिसते. रोजची भरती-ओहोटी वजा करून महिन्याची सरासरी काढली तर कोची आणि मुरगाव या दोन्ही बंदरांत पावसाळ्यात समुद्राची पातळी खाली गेलेली असते, दहा-वीस सेंटिमीटर. वारा किनाऱ्याकडे दाबतोय, वरून पाऊस ओततोय, नद्या फुगल्यात, आणि पातळी खाली! कारण खालचं पाणी गार म्हणजे जड झालेलं असतं आणि वरचं बाहेर गेलेलं असतं. तारकर्ली_कट्टा यांच्या वाऱ्याबद्दलच्या शंकेला मला यापेक्षा चांगलं उत्तर माहीत नाही.

तारकर्ली_कट्टा
वा, हे डोक्यात बसलं. पण काका, दुसरा अर्धा प्रश्न राहिला. खतावलेलं पाणी आलं तर जाळं रिकामं का?

निवृत्त_दर्यावर्दी
कारण त्या पाण्यात खत आहे आणि प्राणवायू नाही. दोन्हींचं मूळ एकच. वरून मेलेलं शेवाळ, मासळीची घाण वर्षानुवर्षं खाली झिरपते, जिवाणू ती कुजवतात. कुजताना नायट्रेट सुटतं आणि प्राणवायू संपतो. अरबी समुद्राचं मधलं पाणी या बाबतीत जगात फार गरीब आहे.

गोव्यात कांदोळीच्या समोर २७-२८ मीटर पाण्यात एक ठरलेली जागा आहे, तिथे संस्थेचे लोक १९९७ पासून मोजमापं घेतायत. तिथलं वर्ष सांगतो. मेमध्ये वरपासून तळापर्यंत पाणी सारखंच, २९-३० अंश, प्राणवायू भरपूर. जूनच्या शेवटी गार पाणी तळाला धरून किनाऱ्याकडे सरकायला लागतं. जुलैत वर गोड्या पाण्याचं झाकण बसतं. खालचं पाणी तेव्हा २२ अंशांच्या आसपास येतं, आणि हवेशी त्याचा संबंध तुटतो. वर वाढलेलं शेवाळ मरून खाली पडतं ते याच पाण्यात, मुळात थोडा असलेला प्राणवायू ते कुजवण्यात संपतो. ऑगस्टमध्ये जिवाणू प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरायला लागतात. तेही संपलं की सल्फेटवर येतात, आणि त्यातून तुम्हाला आलेला तो कुजक्या अंड्यांचा वास. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्याचा कळस. नोव्हेंबरमध्ये किनाऱ्याचा प्रवाह उलटतो, उत्तरेकडे वाहू लागतो, वरचं पाणी किनाऱ्याकडे येऊन खाली दबतं, आणि आठ-पंधरा दिवसांत तळाला पुन्हा श्वास मिळतो.

तळाची मासळी, ढोमी, लेप, राणी मासा, कोळंबी, यांना या काळात दोनच वाटा असतात. बाहेर खोलात जायचं, नाहीतर अगदी उथळात, जिथे लाटांनी पाणी घुसळलेलं असतं. कोचीसमोर पावसाळ्यात तळाचं जाळं रिकामं येतं ते याच पाण्यामुळे, हे कार्ल बान्से यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. तुमचा भाऊ २५ मीटरवर होता, म्हणजे नेमका त्या पाण्यात. लहान होड्या झाकणाच्या पाण्यात होत्या, तिथे तारली होती. तारली तळाला जातच नाही. गलफड्यातल्या बारीक चाळणीने शेवाळ गाळून खाते आणि वरच्या थरात राहते.

आबा_रापणकर
मी रापणीचो माणूस. ह्या सगळा आमका आधीपासून म्हायत आसा, फक्त कारण म्हायत नव्हता. माझो बापूस पावसात डोलीच्या दोराक हात लावन सांगी, खालचा पाणी गार झाला, आता तळाक काय गावाचा नाय, वर बघा. पण एक सांगतंय. मासळी कमी होण्याक सगळा पाण्यावर ढकलू नका. पर्ससीनवाले आणि लाईटवाले येऊन सगळा उपसून नेतत. त्येचा काय?

मेघना_कोची
मी नवऱ्याच्या बदलीमुळे कोचीत आहे. आबा, इथेही हाच वाद रोज चालतो. आलप्पुळाजवळ पावसाळ्यात समुद्रात एखादा पट्टा अचानक शांत होतो, तळाचा मऊ चिखल लाटा गिळतो. त्याला चाकरा म्हणतात. बाहेर तुफान असताना लहान होड्या तिथे जातात आणि तारली, कोळंबी भरून आणतात. लोक म्हणतात चिखलातूनच मासळीला खाणं मिळतं.

आणि तारलीचं तर विचारूच नका. २०१२ मध्ये केरळात जवळपास ४ लाख टन मिळाली होती म्हणतात, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. त्या वर्षी आमच्या कोळिणीकडे तारली म्हणून यायची ती ओमानची, बर्फातली. खालचं पाणी दरवर्षी वर येतं तर मग तारली गेली कुठे?

सुहास_सलालाह
हाहा, मेघनाताई, म्हणजे आमच्याकडची तुमच्याकडे येत होती.

निवृत्त_दर्यावर्दी
चाकऱ्याबद्दल आधी. आलप्पुळाला आमच्याच संस्थेच्या लोकांनी २०१४ मध्ये पावसाळाभर मोजमापं घेतली. खत खालून चढलेल्या पाण्याचंच निघालं, आणि ते चाकऱ्याच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे होतं. चिखलाने मासळी वाढत नाही. त्याने समुद्र शांत होतो, म्हणून होडी घालता येते आणि असलेली मासळी हाताला लागते.

तारली गेली कुठे, यावर एकमत नाही. एक गट आबांसारखं म्हणतो: २०१० ते २०१३ मध्ये रिंगसीन आणि पर्ससीनने पिल्लं बेसुमार काढली, ती खतासाठी आणि मत्स्यपिठासाठी विकली. तारली वर्षभरात १५ सेंटिमीटरच्या आसपास होते आणि दोन-अडीच वर्षंच जगते, त्यामुळे सलग दोन वर्षं पिल्लं गेली की साठाच संपतो. दुसरा गट २०१५ च्या एल निनोकडे बोट दाखवतो, पाणी तापलं आणि अंडी घालायच्या वेळचं गणित चुकलं. माझं मत दोन्ही मिळून. पण एक गोष्ट आबांच्या बाजूने जात नाही. १९४० च्या दशकातही मलबारची तारली अशीच नाहीशी झाली होती, मद्रास सरकारला लहान तारली पकडण्यावर बंधनं घालावी लागली होती. तेव्हा इंजिनाच्या होड्या नव्हत्या आणि पर्ससीनही नव्हतं.

आबा_रापणकर
तेव्हा गेली ती परत इली. आता परत येवक तिका कोण सोडता?

नदीकाठचा_माणूस
आणि खताचं काय? शेतातलं युरिया वाहून जातंच ना समुद्रात? मग हा कुजका वास वाढत चाललाय तो त्यामुळेच.

निवृत्त_दर्यावर्दी
हा मुद्दा मात्र हलका नाही. २००० साली सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी हेच मांडलं, की खतं वाहून आल्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरची ही प्राणवायूची टंचाई वाढली असावी. त्यांच्यानंतर काहींनी कोचीसमोरची जुनी आणि नवी मोजमापं ताडून म्हटलं, तिथे फारसा फरक नाही, वर्षावर्षाला कमी-जास्त होतं एवढंच. गोव्यासमोर वाढ आहे असं मला वाटतं. पण जुनी मोजमापं इतकी तुटक आहेत की मी त्यावर पैज लावणार नाही.

तारकर्ली_कट्टा
भावाला हा धागा वाचून दाखवला. त्याचा प्रश्न असा: जाळं टाकायच्या आधी कळायचं कसं? डिझेल जाळून रिकामं परत यायचं नाहीये. आणि गार पाणी जितकं लवकर, जितकं जोरात, तितकं तारलीचं वर्ष चांगलं, असं धरायचं का?

निवृत्त_दर्यावर्दी
पहिल्याचं उत्तर स्वस्त आहे. कमाल-किमान तापमान नोंदवणारा थर्मामीटर शिशाच्या वजनाला बांधून तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं ठेवा, वर काढा. तळाला २३ अंशांच्या खाली असेल आणि पृष्ठभागाला २७-२८, तर त्या खोलीवर तळाचं जाळं टाकून उपयोग नाही. मग तशीच मोजणी उथळाकडे करत या. कुठे तरी दोन-तीन अंशांची उडी दिसेल, तीच गार पाण्याची कड. तळाची जी मासळी खोलात पळालेली नसते ती त्या कडेच्या किनाऱ्याकडच्या बाजूला गोळा झालेली असते. वारा पडला किंवा प्रवाह बदलला की कड आठवड्यात काही किलोमीटर सरकते, त्यामुळे मागच्या खेपेचा आकडा पुढच्या खेपेला धरू नका. पण किनाऱ्यालगत ट्रॉलरला मनाई आहे, भावाला माहीत असेलच.

दुसऱ्याचं उत्तर नाही असं आहे. गार पाणी फारच वर चढलं तर तारलीलाही वरचा चार-पाच मीटरचा थर आणि किनाऱ्याची चिंचोळी पट्टी एवढीच जागा उरते. त्या वर्षी टोपल्या भरतात, कारण सगळी एका जागी कोंडलेली असते. साठा वाढलाय की नुसता कोंडलाय, हे बाजारातल्या ढिगावरून कळत नाही.

आबा_रापणकर
म्हणजे गेल्या वर्षी आमच्या रापणीक जी तारली लागली ती कोंडलेली? मगे औंदा काय गावतली?

निवृत्त_दर्यावर्दी
आबा, ते मला विचारण्यापेक्षा जाळ्यातल्या तारलीची लांबी मोजा. सगळी एकाच मापाची, १४-१५ सेंटिमीटरची असेल आणि लहान दिसतच नसेल, तर पुढच्या वर्षीची काळजी करा.

मेघना_कोची
इथे केरळात १० सेंटिमीटरच्या खालची तारली पकडायला बंदी आहे. तरी बाजारात येतेच. महाराष्ट्रात तारलीचं माप किती ठरलंय, कोणाला माहीत आहे का?

आबा_रापणकर
माप कागदार आसता गो बाय. बंदरार काटो आसता.